मध्यधन: फक्त पहिल्या आणि शेवटच्या पदावरून सरासरी

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पाच रविवारांचा एखादा महिना शोधा. समजा रविवारच्या तारखा 3, 10, 17, 24 आणि 31 आहेत. यांची सरासरी काढायला सांगितली, तर बहुतेक मुलं पाचही तारखांची बेरीज करतात, 85 येते, तिला 5 ने भागतात आणि 17 लिहितात. उत्तर बरोबर आहे. पण पहिली तारीख 3 आणि शेवटची 31 एवढ्याच घेतल्या, बेरीज 34 केली आणि निम्मी केली, तरी 17च येतात. मधल्या तीन तारखांकडे बघायचीही गरज पडली नाही.

मी शिष्यवृत्तीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना गणित शिकवतो. ही युक्ती जवळजवळ सगळ्यांना पाठ असते आणि तरीही त्यावरचे गुण जातात. सूत्र विसरलं म्हणून ते जात नाहीत. ते कुठे चालतं, आणि त्यातलं ‘पहिलं’ व ‘शेवटचं’ म्हणजे नेमकं कोणतं, इथे गाडी अडते. म्हणून आधी ते का चालतं ते पाहू. कारण एकदा समजलं की पुढच्या चुका आपल्या आपल्याला दिसू लागतात.

दोन्ही टोकांकडून आत या

त्याच तारखा पुन्हा घ्या. डाव्या टोकाला 3, उजव्या टोकाला 31, बेरीज 34. आता दोन्हीकडून एकेक पाऊल आत या. डावीकडे 3 चे 10 झाले, म्हणजे 7 वाढले. उजवीकडे 31 चे 24 झाले, म्हणजे 7 कमी झाले. एकीकडे जेवढं वाढलं तेवढंच दुसरीकडे घटलं, त्यामुळे बेरीज 34च राहिली. आणखी एक पाऊल आत आलो की दोन्ही बोटं 17 वर येऊन टेकतात, आणि 17 म्हणजे 34 चे बरोबर निम्मे.

म्हणजे सगळ्या तारखा जोड्यांत वाटल्या गेल्या. प्रत्येक जोडीची सरासरी 17 आहे आणि मधला एकटा उरलेला आकडाही 17 आहे. मग सगळ्यांची मिळून सरासरी वेगळी येईलच कशी? सूत्र म्हणतं ते एवढंच:

सरासरी = (पहिले पद + शेवटचे पद) ÷ 2

या सगळ्याचा आधार एकच: डावीकडची वाढ आणि उजवीकडची घट सारखी असणं. ज्या क्रमिकेत लगतच्या दोन पदांमधला फरक शेवटपर्यंत तोच राहतो, तिला आपण अंकगणिती श्रेढी म्हणतो. क्रमवार संख्या, क्रमवार सम संख्या, क्रमवार विषम संख्या, 7 च्या पाढ्यातले आकडे ही सगळी तिचीच रूपं. त्यांच्यासाठी वेगवेगळी सूत्रं पाठ करत बसू नका.

मधलं पद नसेल तेव्हा

आता चारच रविवार असलेला महिना घ्या: 5, 12, 19, 26. पहिली आणि शेवटची मिळून 31, निम्मे 15.5. पंधरा पूर्णांक पाच दशांश अशी तारीख कॅलेंडरात नसते, आणि नेमक्या इथेच मुलं बिचकतात. माझ्या वर्गात ‘11 ते 30 या क्रमवार संख्यांची सरासरी किती?’ हा प्रश्न दिला होता. एका मुलीने 20.5 काढलं, खोडलं आणि शेजारी 21 लिहिलं. का खोडलंस विचारलं, तर म्हणाली, “सर, सगळ्या संख्या पूर्ण आहेत ना, मग सरासरी अर्धी कशी येणार?” तिचं पहिलंच उत्तर बरोबर होतं.

सरासरी त्या यादीत असलीच पाहिजे असा नियम नाही. पदांची संख्या विषम असेल तर अगदी मधोमध एक पद असतं आणि सरासरी म्हणजे तेच पद. पदांची संख्या सम असेल तर मधोमध दोन पदं येतात आणि सरासरी त्यांच्या बरोबर मध्ये पडते. 11 ते 30 मध्ये 20 संख्या आहेत, मधल्या दोन 20 आणि 21, म्हणून 20.5. ही एक सोपी पडताळणीही आहे: उत्तर मधल्या पदाशी किंवा मधल्या जोडीच्या मध्यबिंदूशी जुळलं नाही, तर कुठेतरी घसरलो आहोत.

हीच शंका जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीचा नियम दिला आहे. त्यात पहिल्या पदाला मुख, प्रत्येक वेळच्या वाढीला चय आणि शेवटच्या पदाला अंत्यधन म्हटलं आहे. अंत्यधनात मुख मिळवून निम्मं केलं की मिळतं ते मध्यधन, आणि मध्यधनाला पदांच्या संख्येने गुणलं की सर्वधन, म्हणजे एकूण बेरीज. आपण सरासरी म्हणतो तेच हे मध्यधन. त्यातलं एक उदाहरण आहे मुख 7, चय 5 आणि पदं 8 असं. पदं लिहून काढली तर 7, 12, 17, 22, 27, 32, 37, 42 अशी होतात. 7 आणि 42 चे निम्मे 24.5, आणि असा आकडा कुठल्याच पदात येत नाही. त्यावर भास्कराचार्य प्रत्येक पद म्हणजे एका दिवसाचं धन धरून खुलासा करतात की दिवसांची संख्या सम असल्याने मधला दिवसच नाही, म्हणून मधल्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांच्या धनाची बेरीज निम्मी करून मध्यधन समजावं. 22 आणि 27 मिळून 49, निम्मे 24.5. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी हेच उदाहरण फळ्यावर लिहून दाखवलं. तिचा प्रश्न त्यांनीही विचारात घेतला होता, हे ऐकून तिला बरं वाटलं.

प्रश्न हातात आला की काय करायचं

पहिलं काम म्हणजे फरक सारखा आहे का ते पाहणं. यादी समोर लिहिलेली असेल तर लगतच्या दोन पदांची वजाबाकी सगळीकडे करा, फक्त सुरुवातीला नाही. 4, 8, 12, 16, 21 या यादीत पहिले तीन फरक 4 आहेत आणि शेवटचा 5. इथे टोकांचे निम्मे 12.5 येतात आणि खरी सरासरी 61 ÷ 5 म्हणजे 12.2 आहे. पर्यायांमध्ये दोन्ही आकडे दिलेले असण्याची शक्यता धरून चाला.

दुसरं काम म्हणजे खरं पहिलं आणि खरं शेवटचं पद शोधणं. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून यावर जरा थांबू.

‘1 ते 50 मधील 4 ने भाग जाणाऱ्या संख्यांची सरासरी किती?’ घाईत मुलं 1 आणि 50 घेतात, 51 चे निम्मे 25.5 लिहितात. पण 1 आणि 50 हे फक्त कुंपण आहे, आतली मेंढरं वेगळी. 4 ने भाग जाणारी पहिली संख्या 4 आणि शेवटची 48. बेरीज 52, सरासरी 26.

कुंपणाच्या आतली टोकं शोधायला भागाकार पुरतो. समजा 100 ते 300 मधल्या 7 ने भाग जाणाऱ्या संख्या हव्या आहेत. 100 ला 7 ने भागा: भागाकार 14, बाकी 2. म्हणजे 98 ही 7 ची विभाज्य संख्या आहे पण ती 100 च्या अलीकडे राहते, म्हणून पुढची 105 घ्यायची. 300 ला 7 ने भागा: बाकी 6 उरते. ही बाकी 300 मधून वजा केली की 294. खालच्या टोकाला बाकी उरली तर पुढची विभाज्य संख्या घ्यायची आणि वरच्या टोकाला बाकी वजा करायची, एवढं लक्षात ठेवा. बाकी शून्य आली तर तीच संख्या टोक होते, मात्र ‘दरम्यान’ या शब्दाने टोकं वगळायची आहेत का ते प्रश्न नीट वाचून ठरवा.

आता 105 आणि 294. बेरीज 399, निम्मे 199.5. सरासरी मिळाली आणि मधे किती संख्या आहेत हे अजून मोजलंही नाही. या युक्तीचा खरा फायदा हाच: सरासरीपुरती पदांची संख्या लागतच नाही.

ती लागते बेरजेसाठी. पुढे ‘या सर्व संख्यांची बेरीज किती?’ असं विचारलं, तर टोकांमधलं अंतर 294 − 105 = 189, त्याला फरकाने म्हणजे 7 ने भागलं की 27, आणि त्यात 1 मिळवला की 28 पदं. हा 1 का, हे बोटांनी करून बघा. हाताची पाच बोटं पसरली तर मधल्या फटी चारच असतात. वजाबाकी आणि भागाकार करून आपण फटी मोजतो, बोटं एक जास्त असतात. बेरीज मग 28 × 199.5 = 5586. हा 1 विसरला तर सरासरीला धक्का लागत नाही, पण बेरीज 199.5 ने कमी भरते. बेरीज चुकली आणि फरक नेमका सरासरीएवढा निघाला, तर चूक इथेच झाली आहे असं समजा.

शब्दांतला फरक

‘पहिल्या 50 विषम संख्या’ आणि ‘1 ते 50 मधील विषम संख्या’ हे दोन प्रश्न दिसायला जुळे आहेत. दुसऱ्यात टोकं 1 आणि 49 आहेत, सरासरी 25. पहिल्यात मात्र 50 संख्या पूर्ण व्हायला हव्यात. 1 पासून सुरुवात करून 49 वेळा 2 मिळवले की पन्नासावी विषम संख्या 99 येते, सरासरी 50. उत्तर बरोबर दुप्पट झालं.

शेवटचं पद दिलेलं नसेल तेव्हा ते असंच काढायचं: पदांच्या संख्येतून 1 वजा करा, फरकाने गुणा आणि पहिलं पद मिळवा. लीलावतीतलंच दुसरं उदाहरण घ्या. एक माणूस पहिल्या दिवशी 4 द्रम्म दान देतो आणि रोज 5 ने वाढवत जातो, तर एका पक्षात त्याने किती दिले? पक्ष म्हणजे 15 दिवस. 14 × 5 = 70, त्यात 4 मिळवून पंधराव्या दिवसाचे 74. मध्यधन 78 चे निम्मे 39, आणि सर्वधन 15 × 39 = 585 द्रम्म. पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे इथे मधला दिवस आहे, आठवा. त्या दिवशीचं दान 4 + 7 × 5 = 39. पडताळणी तिथेच झाली.

उलटा प्रश्न

परीक्षेत सरासरी देऊन संख्या विचारतात, आणि तिथे हीच समज कामी येते. ‘पाच क्रमवार विषम संख्यांची सरासरी 37 आहे, सर्वांत मोठी कोणती?’ पदं पाच, म्हणून मधलं पद 37. त्याच्या पुढे दोन पदं आहेत, प्रत्येक पाऊल 2 चं, म्हणून 41.

‘सहा क्रमवार सम संख्यांची सरासरी 25 आहे, सर्वांत मोठी कोणती?’ या प्रश्नावर वर्गात हमखास हात वर येतो की सम संख्यांची सरासरी विषम कशी, प्रश्नच चुकला आहे. प्रश्न बरोबर आहे. पदं सहा, म्हणून 25 मधल्या दोन पदांच्या मध्ये पडतं आणि ती पदं 24 व 26. तिथून पुढे 28, 30. उत्तर 30. मुलं इथे 25 पासून तीन पावलं मोजून 31 लिहितात. 25 पासून 26 पर्यंतचं पहिलं पाऊल अर्धंच असतं, म्हणजे 2 ऐवजी 1 चं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. 31 ही विषम संख्या आली, एवढ्यावरूनच चूक पकडता येते.

उतरती आणि ऋण पदं

श्रेढी उतरती असली तरी काही बदलत नाही. बांधकामाच्या जागी गोल पाइप रचून ठेवलेले असतात ते आठवा. सर्वांत खालच्या थरात 20 पाइप, वरच्या प्रत्येक थरात एक कमी, आणि माथ्यावर 9. दर थराची सरासरी 29 चे निम्मे 14.5. थर 20 − 9 + 1 = 12, म्हणून एकूण पाइप 12 × 14.5 = 174. शेजारी अशीच दुसरी रास उलटी ठेवली आहे अशी कल्पना करा. तळाच्या 20 शेजारी 9 येतील, त्याच्या वरच्या 19 शेजारी 10, आणि प्रत्येक थरात 29च भरतील. ज्या मुलाला आकड्यांच्या जोड्या पटत नाहीत, त्याला ही रास वहीवर काढायला लावा, लगेच पटते.

ऋण संख्यांत फक्त चिन्ह सांभाळायचं. −17 ते 8 या क्रमवार संख्यांची सरासरी (−17 + 8) ÷ 2, म्हणजे −9 चे निम्मे, −4.5. इथे 17 आणि 8 मिळवून 12.5 लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. यादीतली सर्वांत मोठी संख्याच 8 आहे, सरासरी तिच्या वर जाणं शक्य नाही. एवढं पाहिलं असतं तरी ते उत्तर खोडलं गेलं असतं. पदं मोजताना 8 − (−17) + 1 = 26, आणि बेरीज 26 × (−4.5) = −117. पडताळून पाहायचं असेल तर −8 ते 8 एकमेकांना रद्द करतात, उरतात −9 ते −17 ही नऊ पदं. त्यांचं मधलं पद −13, आणि 9 × (−13) = −117.

जिथे ही युक्ती चालत नाही

वाढ सारखी नसेल तर युक्ती सोडून द्या. 1, 4, 9, 16, 25 या वर्गसंख्यांत टोकांचे निम्मे 13 येतात, खरी सरासरी 55 ÷ 5 म्हणजे 11. उत्तर जास्त आलं, आणि ते जास्तच येणार होतं. वाढ पुढे पुढे मोठी होत जाते तेव्हा बरीचशी पदं खालच्या टोकाजवळ दाटीने असतात आणि शेवटचं पद एकटंच लांब पळालेलं असतं. वाढ कमी कमी होत गेली तर उलट घडतं आणि टोकांचे निम्मे खऱ्या सरासरीपेक्षा कमी भरतात.

व्यवहारात याचं नेहमीचं रूप म्हणजे व्याज. 10000 रुपये द. सा. द. शे. 10 सरळव्याजाने ठेवले, तर रास 10000, 11000, 12000, 13000 अशी वाढते. ही श्रेढी आहे आणि सरासरी टोकांवरून 11500 बरोबर येते. तेच पैसे चक्रवाढीने ठेवले तर 10000, 11000, 12100, 13310 होतात. टोकांचे निम्मे 11655, खरी सरासरी 11602.50. फरक थोडा आहे, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. वर्षं वाढली की तो वाढत जातो.

दुसरी अडचण पदं पुन्हा पुन्हा येतात तेव्हाची. चाचणीत 5 गुण एका मुलाला, 6 गुण दोघांना आणि 7 गुण तिघांना मिळाले. गुण क्रमवार आहेत, पण सरासरी 6 नाही. एकूण गुण 5 + 12 + 21 = 38, मुलं 6, सरासरी साधारण 6.33. श्रेढीत प्रत्येक पद एकदाच यायला हवं, किंवा सगळी सारख्या वेळा.

तसंच मधलं एखादं पद गळलं तरी सावध राहा. 1 ते 15 ची सरासरी 8. त्यातून 8 काढला तर उरलेल्या 14 संख्यांची सरासरी 8च राहते. 5 काढला तर मात्र 115 ÷ 14, साधारण 8.21. टोकं दोन्ही वेळा 1 आणि 15च आहेत. अशा प्रश्नात आधी पूर्ण श्रेढीची बेरीज काढा, गळलेलं पद वजा करा आणि उरलेल्या पदसंख्येने भागा.

शेवटी एक बारकावा, कारण हुशार मुलं हे विचारतात. टोकांचे निम्मे खऱ्या सरासरीशी जुळले, तर ती यादी श्रेढीच आहे असं म्हणता येईल का? नाही. 2, 3, 9, 10 घ्या. सरासरी 24 ÷ 4 = 6, टोकांचे निम्मेही 6. पण फरक 1, 6, 1 आहेत. इथे 2 आणि 10 ची जोडी 12 देते, 3 आणि 9 चीही 12, म्हणून आकडा जुळला. श्रेढी आहे की नाही हे ठरवायला लगतच्या पदांची वजाबाकीच करावी लागते, आणि ती सरासरी काढण्याआधी करायची.